पायरीमागचा प्रवाह

‘सिम्युलेशनचे निष्कर्ष मोजमापांशी चांगले जुळले’ एवढ्या वाक्यावरून शोधनिबंधाच्या वाचकाला काहीच कळत नाही. किती जुळले, कुठे जुळले?

ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५ च्या प्रयोगात पायरीवरून सुटलेली हवा पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर पुन्हा तळाला टेकली. मोजमापाची अनिश्चितता ०.१. रूढ के-एप्सिलॉन मॉडेल हे अंतर कमी दाखवते. समजा, उत्तर ५.३ आले. तफावत सुमारे १५ टक्के, म्हणजे अनिश्चिततेच्या कितीतरी पलीकडे. निबंधात हे तिन्ही आकडे शेजारी हवेत.

त्याआधी गणनेची जाळी बारीक करूनही उत्तर बदलत नाही, हे दाखवावे. नाहीतर दोष मॉडेलचा की जाळीचा, हे ठरत नाही. आणि मॉडेलचे स्थिरांक याच मोजमापांवरून बसवले असतील, तर त्याला पडताळणी म्हणू नये.