डबे ओले राहिले म्हणून हीटर बदलू नका

डिशवॉशर उघडल्यावर चिनी मातीच्या प्लेट्स आणि काचेचे ग्लास कोरडे, पण मुलांच्या डब्यांवर पाण्याचे टपोरे थेंब. झाकणाच्या खाचेत तर चमचाभर पाणी साचलेलं. शिवाय मशीन तीन तास चाललेलं. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की हीटर गेला, आणि मेकॅनिकला फोन जातो. मशीनच्या आत काय घडतं ते माहीत असेल, तर बऱ्याचदा हा फोन करावाच लागत नाही.

मुळात आत गरम वारा सुटतो आणि त्याने भांडी सुकतात, ही समजूतच आपल्याकडच्या बहुतेक मशीनना लागू नाही. जुन्या अमेरिकन मशीनमध्ये तळाशी हीटरची उघडी कांब असायची. ती धुणं संपल्यावरही तापत राही आणि आतली हवा गरम करी. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये मात्र हीटर तळाखाली, पंपाजवळ लपलेला असतो आणि तो फक्त वाहतं पाणी तापवतो. पाणी उपसून टाकलं की त्याचं काम संपलं. पुढचं सुकवणं भांड्यांनी स्वतःच्या उष्णतेवर करायचं असतं. शेवटच्या खळबळणीत भांडी चांगली तापतात, त्यांच्या अंगावरच्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ मशीनच्या तुलनेने गार स्टीलच्या भिंतींवर जमून खाली ओघळते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच हा प्रकार.

आता हिशेब करून पाहू. चिनी मातीची अर्धा किलोची प्लेट 65 अंशांवरून 35 वर येताना जी उष्णता सोडते, ती साधारण 5 ग्रॅम पाण्याची वाफ करायला पुरते. 60 ग्रॅमच्या प्लास्टिकच्या डब्याकडे तेवढ्याच उतारात जेमतेम दीड ग्रॅमपुरती उष्णता असते. प्लास्टिक उष्णता धरून ठेवत नाही असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धवट खरं आहे. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर ते स्टीलपेक्षा जास्त उष्णता साठवतं. अडचण ही की डबा हलका असतो आणि आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत पोचू देत नाही. त्यात पाणी प्लास्टिकवर पसरत नाही, थेंब होऊन बसतं. पातळ पसरलेलं पाणी लवकर उडतं, टपोरा थेंब तसाच राहतो.

म्हणूनच रिन्स एड ही केवळ चकाकीसाठीची चैन नाही. दाराच्या आतल्या कप्प्यात भरायचं हे द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, मग पाणी थेंब न होता पापुद्र्यासारखं पसरून निथळतं. सर्वसमावेशक टॅब्लेट वापरत असाल आणि तरी डबे ओले राहत असतील, तर आधी हा कप्पा भरा आणि मात्रेचा आकडा एकेक घराने वाढवून पाहा. प्लास्टिक पूर्ण कोरडं होईलच असं नाही, पण फरक दिसतो.

लांब वेळेचा दोषही हीटरच्या माथी मारू नये. 2000 वॉटचा हीटर साडेतीन लिटर पाणी 25 अंशांवरून 50 वर सुमारे तीन मिनिटांत नेतो. भांडी आणि टाकी तापवायला आणखी काही मिनिटं धरा. इको प्रोग्राम तीन तास घेतो, तो वेगळ्या कारणाने: पाणी कमी तापवायचं आणि त्या बदल्यात साबणाला नि फवाऱ्यांना जास्त वेळ द्यायचा. वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते, त्यामुळे लांब प्रोग्राम छोट्या गरम प्रोग्रामपेक्षा कमी वीज खातो. शेवटचा बराच वेळ मशीन गप्प असतं. ते अडकलेलं नसतं, सुकवणं चालू असतं. मात्र इकोमध्ये भांडी कमी तापत असतील, तर डबे जास्त ओले राहणारच.

हीटर खरोखर गेलाय का, हे घरीच कळतं. 65 किंवा 70 अंशांचा प्रोग्राम लावा. मुख्य धुणं चांगलं मुरल्यावर, साधारण मध्यावर, थांबवा आणि फवारे थांबल्यावर दार जपून किंचित उघडा. गरम वाफ आली, तर हीटर ठीक. भांडी गार, टॅब्लेट अर्धवट न विरघळलेली आणि प्लेट्सवर तेलकटपणा असेल, तेव्हाच मेकॅनिकला बोलवा, आणि हीटरसोबत त्याचा रिले नि तापमानाचा सेन्सरही तपासायला सांगा.

बाकी वेळी डबे वरच्या रॅकमध्ये तिरपे ठेवा, त्यांच्यासोबत जड प्लेट्सही लावा, आणि 'एक्स्ट्रा ड्राय' असेल तर चालू करा. प्रोग्राम संपताच दार वीतभर उघडं ठेवा, म्हणजे वाफ पुन्हा डब्यांवर जमत नाही. भांडी काढताना खालचा रॅक आधी रिकामा करा, नाहीतर वरच्या डब्यांतलं पाणी कोरड्या ताटांवर सांडतं.