काच फुटली की ‘मझल तोव’!

ज्यू लग्नात हुप्पा नावाच्या मांडवाखाली विधी संपत आले की नवरदेव कापडात गुंडाळलेला काचेचा पेला पायाखाली फोडतो. जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराची ती आठवण. पण काच फुटल्याचा आवाज येताच सगळे ओरडतात, ‘मझल तोव!’

हिब्रूत ‘मझल’ म्हणजे मुळात रास, नक्षत्र, पुढे नशीब. ‘तोव’ म्हणजे चांगलं. शब्दशः अर्थ ‘शुभ नशीब’ असला, तरी म्हणतात ते अभिनंदन म्हणून, गोष्ट पार पडल्यावर. बाळ जन्मलं, मुलाची बार मिट्झ्वा झाली, की मझल तोव. परीक्षेला निघालेल्याला मात्र ‘बेहत्सलाखा’, म्हणजे यश मिळो. गरोदर बाईलाही परंपरा पाळणारे आधी मझल तोव म्हणत नाहीत; ‘बेशाआ तोवा’, सारं शुभ वेळी होवो, एवढंच म्हणतात.