नुसती तारीख पुरत नाही

पाळीची शेवटची तारीख 1 जानेवारी 2025 असेल, तर चोविसावा आठवडा 18 जूनला पूर्ण होतो आणि अठ्ठाविसावा 16 जुलैला. गरोदरपणातल्या साखरेची तपासणी पहिल्या भेटीत झाली असली, तरी या महिनाभरात ती पुन्हा करायची असते. गरोदर बाईच्या मोबाईलवर मात्र बहुधा एवढंच येतं: ‘18 जून, शुगर टेस्ट’. मग ती बिचारी सकाळपासून उपाशीपोटी येते.

सरकारी पद्धतीत उपाशी राहण्याची गरजच नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा जास्त आली, तर पुढचे उपचार सुरू होतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

काही खाजगी दवाखाने मात्र उपाशीपोटीच बोलावतात आणि तीनदा रक्त घेतात. म्हणून कोणती पद्धत, किती वेळ थांबायचं, उलटी झाली तर काय, हे निरोपातच लिहा. आणि तो आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी पाठवा.