क्रमवारीतील बदल दर्शविणारा बम्प आलेख : आयपीएलचे एक उदाहरण

अनेक हंगामांतील संघांची क्रमवारी एकत्र दर्शविण्यासाठी बम्प आलेखाचा वापर केला जातो. आडव्या अक्षावर हंगाम व उभ्या अक्षावर क्रमांक घेतात. पहिला क्रमांक वर यावा म्हणून उभा अक्ष उलटा मांडावा लागतो. प्रत्येक संघाचे बिंदू रेषेने जोडले जातात. दोन रेषा परस्परांना छेदतात, तेथे त्या संघांनी स्थानांची अदलाबदल केलेली असते.

आयपीएलच्या साखळी फेरीत २०१९ ते २०२३ या काळात चेन्नईचे क्रमांक अनुक्रमे २, ७, २, ९, २ असे होते. मुंबईचे १, १, ५, १०, ४ असे होते. म्हणजेच २०२१ मध्ये चेन्नईची रेषा मुंबईच्या रेषेला छेदून वर जाते. सर्व रेषा एकाच ठळकपणे काढल्यास हा छेद गर्दीत हरवतो. म्हणून अभ्यासविषय असलेल्या दोनच रेषा रंगीत ठेवून उर्वरित करड्या ठेवाव्यात.

तथापि, क्रमांकांतील अंतर म्हणजे गुणांतील अंतर नव्हे. २०२० मध्ये सहाव्या, सातव्या व आठव्या संघाचे गुण समान, म्हणजे १२ होते. केवळ निव्वळ धावगतीने त्यांचा क्रम ठरला. आलेखात मात्र आठवा संघ तळाशी एकाकी दिसतो. शिवाय २०२२ मध्ये संघसंख्या ८ वरून १० झाल्याने नव्या संघांच्या रेषा तेथूनच सुरू कराव्या लागतात. म्हणून अशा आलेखासोबत गुणतक्ता देणे आवश्यक ठरते.