तीन वाजता थांबलेली भिंत

दुपारचे तीन वाजलेत. आभाळ अजून पांढरंच आहे, तरी मेस्त्री थापी धुतो आणि विटा देणाऱ्या बाईला हातानं थांबवतो. आज पुढचा थर नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर संपता संपता ऊन कोरडं होत जातं. तंजावूरचा मोठा पाऊस मात्र आत्ता सुरू होतो, डिसेंबरपर्यंत चालतो आणि पुष्कळदा दिवस कलल्यावरच कोसळतो. म्हणून शेवटचा थर आणि पहिली सर यांत दोन-तीन तास राखायचे, म्हणजे सांध्यातला माल तेवढा तरी आवळतो.

घरमालक काका इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. मेस्त्रीचं तमिळ ते मला मराठीत सांगतात. "कोरड्या दिवसांत भिंत दिवसाला दीड मीटर चढवतो, आता एक मीटरवर थांबतो, असं म्हणतोय."

सिमेंट आधीच स्लॅब पडलेल्या आतल्या खोलीत आहे. जमिनीवर विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती. भिंतीपासून हातभर लांब आणि दहापेक्षा उंच थप्पी नाही. वर प्लास्टिक. मेस्त्री तळातलं एक पोतं लोळवतो आणि आत हात घालतो. वरच्या वजनानं दाबून झालेले खडे लोळवल्यावर फुटतात, बोटांत चुरडतात. जो खडा चुरडत नाही त्यात ओल शिरलेली असते आणि ते पोतं भिंतीला चालत नाही.

मग भिंत. प्लास्टिक माथ्यावर नुसतं टाकून भागत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट खाली सोडतात, माथ्यावर विटांचं वजन ठेवतात आणि खालच्या कडा दोरीनं बांधतात, कारण इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. एक बिगारी परांचीची भिंतीलगतची फळी उचलून कडेवर उभी करतो. आडव्या फळीवर पडलेलं पाणी उसळून ताज्या भिंतीवर सिमेंटचे डाग उडवतं. इतकी साधी गोष्ट, पण ती न केल्याच्या खुणा मला कितीतरी भिंतींवर दिसतात.

साडेपाचला वारा फिरतो आणि पाऊस येतो. काही मिनिटांत अंगणात घोटाभर पाणी होतं. वाळूच्या ढिगाभोवती रचलेल्या विटांच्या दोन थरांमुळे वाळू वाहून जात नाही, पण तिच्यावरची ताडपत्री मधोमध खोलगट होऊन पाण्यानं भरते. शिवणीतून धार लागते. पूर्वेच्या कोपऱ्यावरचं प्लास्टिक सुटून फडफडतं, आणि विजा चमकत असताना मेस्त्री कुणाला परांचीवर चढू देत नाही.

सकाळी तो सरळ त्या कोपऱ्याकडे जातो. भिंतीवर राखाडी ओघळ आहेत. हे सांध्यांतून धुऊन आलेलं सिमेंट. तो खिळा घेऊन सांधे खरवडत खाली येतो. वरच्या दोन थरांत खिळा वाळूत जावा तसा आत जातो, वीट हातानं हलते. तिसऱ्या थरात तो अडखळतो. वरचे दोन थर उतरवायचे, असं ठरतं. वरून नवा माल भरून सांधा बाहेरून भरलेला दिसला असता, आत मात्र पोकळच राहिला असता. उतरवलेल्या विटा घासून बाजूला ठेवतात. ढिगातल्या वरच्या, रात्रभर भिजलेल्या विटाही आज लावत नाहीत. पाण्यानं तुडुंब वीट मालातलं पाणी ओढत नाही, मालावर घसरत राहते आणि ओळंबा बिघडवते. त्या आडोशाला पसरतात. पृष्ठभागाची चकाकी गेली की वापरता येतील.

वाळूचा प्रश्न जास्त फसवा. पाणी निथळलेली दमट वाळू फुगते, कारण कणांभोवतीचा ओलावा त्यांना एकमेकांपासून दूर धरतो. काका घरातून काचेची उभी बरणी आणतात. मी तिच्यात दमट वाळू वीस सेंटीमीटरपर्यंत सैल भरतो, ती बाहेर काढतो, बरणी अर्धी पाण्यानं भरून तीच वाळू परत आत ढवळतो. पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही. ती सोळा सेंटीमीटरवर बसते. म्हणजे फुगवटा चार, सोळाच्या पाव हिश्श्याइतका.

भिंतीचा माल एकास सहा. एका पोत्याला पस्तीस लिटरचे सहा फरमे वाळू टाकली, तर आज खरी वाळू पाचाहूनही कमी जाईल, आणि प्रत्येक घाणीत सिमेंट विनाकारण जास्त पडेल. सहासाठी साडेसात फरमे लागतील. मेस्त्री बरणीकडे पाहून लगेच मान डोलावतो. त्याच्या हाताला हे ठाऊक आहे, त्यानं आकडा कधी काढलेला नाही. पाण्याचं मात्र तो स्वतःच काढतो. एवढ्या वाळूत पाच टक्के ओल धरली तरी जवळजवळ पंधरा लिटर पाणी आधीच आलेलं आहे, म्हणून पिंपातलं पाणी तेवढं कमी. नेहमीचं ओतलं तर माल पातळ होईल, वीट खाली दबेल, आणि वाळल्यावर सांधा कच्चा राहील.

बाई पहिलं घमेलं उचलते. तो थापीवर थोडा माल घेऊन थापी तिरकी करतो, माल चिकटून राहतो, आणि कालच्या वरून तिसऱ्या थरावर नवी वीट बसते.