बटाटा कापा, रंगवलेल्या घनाचं गणित सोडवा

गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी मुलीची वही दाखवली. पोलीस भरतीच्या सराव पेपरमधला बुद्धिमत्तेचा प्रश्न होता : ४ सेंमी बाजूच्या घनाला सगळीकडून लाल रंग दिला आणि त्याचे १ सेंमीचे लहान घन कापले. तर दोनच बाजू रंगलेले घन किती? मुलीने ४८ लिहिलं होतं आणि ते चुकलं होतं. का चुकलं, ते दोघींनाही कळत नव्हतं.

आम्ही तिथेच एक मोठा बटाटा घेतला. सहाही बाजू सपाट कापून चौकोनी ठोकळा केला, पुसून कोरडा केला आणि बाहेरून ओलं कुंकू लावलं. मग प्रत्येक दिशेने दोन-दोन काप दिले. लक्षात ठेवा, दोन कापांत तीन भाग होतात. एकूण ३ × ३ × ३ म्हणजे २७ तुकडे झाले.

आता तुकडे वेगळे करून बघा. कोपऱ्यावरच्या तुकड्याला तीन बाजूंनी कुंकू असतं. कोपरे ८, म्हणून असे तुकडे ८. दोन कोपऱ्यांच्या मधे, कडेवर बसलेल्या तुकड्याला दोन बाजूंनी रंग असतो. कडा १२, म्हणून ते १२. प्रत्येक बाजूच्या मधोमध असलेल्या तुकड्याला एकच बाजू रंगीत, ते ६. आणि पार आत लपलेला एक तुकडा कोराच राहतो. ८ + १२ + ६ + १ = २७.

आता वहीतल्या गणिताकडे येऊ. ४ सेंमीच्या घनाच्या एका कडेवर ४ तुकडे असतात. मुलीने ४ × १२ = ४८ केलं. पण त्या चारांतले टोकाचे दोन तर कोपरे आहेत, त्यांना तीन बाजूंनी रंग आहे! ते सोडले की कडेवर उरतात २. म्हणून उत्तर २ × १२ = २४.

टोकाचे दोन वगळण्याची हीच युक्ती पुढेही चालते. प्रत्येक बाजूच्या मधे २ × २ = ४ तुकडे, सहा बाजू मिळून २४; त्यांना एकच बाजू रंगीत. आत २ × २ × २ = ८ कोरे. कोपरे मात्र नेहमी ८च, घन कितीही मोठा असो.

शेवटी बेरीज करून बघाच : ८ + २४ + २४ + ८ = ६४, आणि ४ × ४ × ४ पण ६४. बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी कोपरे दोनदा मोजले गेलेत असं समजा.

प्रश्नातला शब्दही नीट वाचायला सांगा. ‘फक्त एक बाजू रंगीत’ म्हणजे २४. ‘किमान एक बाजू रंगीत’ म्हणजे कोरे ८ सोडून बाकी सगळे, ५६.

पुढच्या बैठकीला ५ सेंमीच्या घनाचं उत्तर काढून आणा. बटाटा लागलाच, तर तुकड्यांची भाजी करता येईल, फक्त कुंकू लागलेलं साल काढून टाका!