पेटीमागे हजार आगाऊ: डेव्हलपरला लिहायचं पत्र

देवगडकडच्या एखाद्या हापूस बागायतदाराची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. बागेचे फोटो, पाच डझनाच्या पेटीचा भाव आणि खाली फोन नंबर. पुण्याचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवतं, यूपीआयने पैसे टाकतं आणि स्क्रीनशॉट धाडतं. हंगामाच्या सुरुवातीला हे चालून जातं. एप्रिलमध्ये रोज ढिगाने पेट्या निघू लागल्या की कुठला स्क्रीनशॉट कुणाच्या पेटीचा, हे जुळवायला घरातला एक माणूस अडकून पडतो. त्यातच एखादा स्क्रीनशॉट जुनाच निघतो. मग ठरतं की वेबसाइटवरच पैसे घ्यायचे, आणि डेव्हलपरला मेसेज जातो : ‘आपल्या साइटला पेमेंट गेटवे लावायचाय, किती होतील?’

एवढ्यावरून कुणालाच खरा आकडा सांगता येणार नाही. तिघांना विचारलं तर तीन आकडे येतील, आणि सगळ्यात कमी आकड्यात काय वगळलंय ते ऐन मे महिन्यात कळेल. कारण ‘पैसे द्या’ हे बटण बसवणं हे यातलं सोपं काम आहे. खरं काम आपला व्यवहार कसा चालतो यावर ठरतं, आणि ते डेव्हलपरला नव्हे, बागायतदारालाच ठाऊक असतं.

आंब्याचा व्यवहार तर मुळातच अडचणीचा. नोंदणी मार्चमध्ये, पेटी एप्रिल-मेमध्ये. मध्ये अवकाळी पाऊस झाला तर काही पेट्या द्यायच्याच राहतात आणि पैसे परत करावे लागतात. इथे गेटवेचं शुल्क आडवं येतं. बऱ्याच गेटवेंचा जाहीर दर व्यवहाराच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. पेटी ४,००० रुपयांची धरली तर शुल्क ८० रुपये, त्यावरचा कर १४ रुपये ४० पैसे. म्हणजे हातात पडतात ३,९०५ रुपये ६० पैसे. गिऱ्हाइकाला पैसे परत करताना मात्र पूर्ण ४,००० द्यायचे, आणि आधी कापलेलं शुल्क गेटवे सहसा परत देत नाही. अशा शंभर पेट्या रद्द झाल्या तर ९,४४० रुपये काही न विकता गेले. नोंदणीला फक्त १,००० रुपये आगाऊ घेतले असते, तर हेच नुकसान फार तर २,३६० रुपयांवर थांबलं असतं. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर जानेवारी २०२० पासून शून्य आहे; तरी गेटवे स्वतःच्या सेवेचं म्हणून काही लावतो का, हे त्याच्या दरपत्रकात पाहून घ्यावं लागतं.

आगाऊ रक्कम घ्यायची ठरली की डेव्हलपरचं काम वाढतं. एका ऑर्डरचे पैसे दोनदा येणार, उरलेल्या रकमेची लिंक पाठवावी लागणार, आणि ‘आगाऊ मिळाले’ व ‘पूर्ण मिळाले’ या दोन अवस्था ऑर्डरच्या यादीत वेगळ्या दिसायला हव्यात. हे पत्रात आलं नाही तर कोटेशनमध्येही येत नाही. पत्र साधारण असं लिहिता येईल :

‘स. न. वि. वि.
आमच्या सध्याच्या वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय करायची आहे. त्याचं लेखी कोटेशन हवं आहे. नोंदणीच्या वेळी पेटीमागे १,००० रुपये आगाऊ घेऊ. उरलेले ३,००० पेटी रवाना होण्याआधी लिंक पाठवून घेऊ. माल देता आला नाही तर आगाऊ रक्कम पूर्ण परत करू, आणि हा रिफंड तुम्हाला फोन न करता आमचा आम्हाला करता आला पाहिजे. गेटवेचं खातं आमच्या पॅनवर आणि आमच्या बँक खात्याला जोडलेलं राहील. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले पण साइटचं पान पुन्हा उघडलंच नाही, तर त्या ऑर्डरचं काय होईल, हे स्पष्ट लिहावं. काम, चाचणी आणि वर्षभराची देखभाल यांचे आकडे वेगवेगळे द्यावेत. या रकमेत काय येत नाही, तेही लिहावं. कळावे.’

पान पुन्हा न उघडण्याबद्दलचं ते एक वाक्य या पत्रातलं सगळ्यात मोलाचं. गिऱ्हाईक साइटवरून यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातं, पिन टाकतं, पैसे कापले जातात. आणि तेवढ्यात रेंज जाते, किंवा फोन येतो आणि ते साइटकडे परत फिरकतच नाही. पैसे आल्याची खबर साइटला दोन वाटांनी मिळू शकते. एक, गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून, म्हणजे ते परत आलं तरच. दुसरी, गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो ती. या निरोपाला वेबहुक म्हणतात. घाईत केलेल्या कामात पहिली वाट तेवढी बांधलेली असते. मग गेटवेकडे पैसे जमा असतात, पण आपल्या यादीत ऑर्डर ‘पैसे बाकी’ म्हणून पडून राहते आणि गिऱ्हाईक फोनवर भांडतं. भांडण त्याचं रास्तच असतं.

वेबहुकचं काम नीट झालंय का हे तपासायला कोड वाचता यायला नको. गेटवेचा टेस्ट मोड असतो, त्यात खरे पैसे जात नाहीत. त्यात एक ऑर्डर नोंदवायची आणि पैसे भरल्याची खूण दिसताक्षणी, साइटवर परत यायच्या आत, ब्राउझर बंद करायचा. काही मिनिटांत यादीत ती ऑर्डर ‘आगाऊ मिळाले’ झाली तर काम झालं. निरोप कधीकधी दोनदाही येतो. त्यावरून एका ऑर्डरच्या दोन नोंदी होता कामा नयेत, ही दुसरी चाचणी. तिसरी जरा चोरट्या स्वभावाची आहे. ब्राउझरमधून जाणारी रक्कम जाणकार माणूस बदलू शकतो. म्हणून भाव आपल्या सर्व्हरवरच ठरला पाहिजे आणि गेटवेच्या उत्तरावरची सही तिथेच तपासली गेली पाहिजे, नाहीतर हजाराच्या जागी एक रुपया भरून नोंदणी होते. ही चाचणी डेव्हलपरने आपल्यासमोर करून दाखवावी, असं कोटेशनमध्येच लिहून घ्यावं. शेवटचा हप्ता या तिन्ही चाचण्यांनंतर द्यायचा, हेही त्यातच यावं.

खातं आपल्याच नावावर ठेवण्याचा आग्रह काहींना अविश्वासाचा वाटतो. पण डेव्हलपरने सोयीसाठी स्वतःच्या पॅनवर खातं काढलं, तर आपले पैसे आधी त्याच्या बँकेत जातात आणि उलाढालही त्याच्या नावावर दिसते. उद्या त्याने धंदा बदलला की आपली साइट अडकते. त्याला खात्यात कामापुरता प्रवेश देता येतो आणि काम संपल्यावर काढूनही घेता येतो. कार्डाचा नंबर आपल्याच साइटवर साठवून ठेवू, असं कुणी सुचवलं तर मात्र कोटेशन तिथेच बाजूला ठेवावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ते करता येत नाही.

खातं सुरू करण्याआधी गेटवे केवायसीची कागदपत्रं मागतो आणि साइटही पाहतो. पैसे परत करण्याचे नियम, अटी, गोपनीयता आणि संपर्क अशी पानं त्याला साइटवर लागतात. ती कोण लिहिणार, हे बहुधा कुणीच ठरवलेलं नसतं. डेव्हलपर दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून उतरवलेली पानं डकवतो, आणि मग आंब्याच्या साइटवर ‘सात दिवसांत वस्तू न वापरता परत करा’ असं झळकतं. पिकलेल्या हापूससाठी हा नियम चालणार नाही. पेटीत डागी आंबे निघाले तर किती तासांत फोटो पाठवायचा, त्याबदली पैसे की फळं, हे बागायतदारानेच लिहून द्यायला हवं, आणि तसं पत्रात कबूल करावं. केवायसीला लागणारे दिवस डेव्हलपरच्या मुदतीत धरायचे की नाही, हेही आधीच ठरवून घ्यावं. मार्चमध्ये नोंदणी सुरू करायची असेल तर हे पत्र जानेवारीतच गेलेलं बरं.